फोटोत न दिसणारे 14 इंच

इंटिरियरचं काम संपतं, फोटो निघतात, त्यातले सात-आठ इन्स्टाग्रामसाठी निवडले जातात आणि मग त्यांच्याखाली काय लिहायचं यावर गाडी अडते. फोटो छान आलेले असतात, म्हणून खालचे शब्दही तेवढेच छान हवेत असं वाटतं. इथेच घोळ होतो. पूर्ण झालेल्या खोलीचा फोटो गप्प बसून बरंच काही कबूल करत असतो: अशी मोकळी जागा मिळेल, असा उजेड पडेल, असंच आवरलेलं राहील. यातलं निम्मं डिझायनरच्या हातात नसतं. शब्दांनी त्यात आणखी भर घातली की जे कधी कबूलच केलं नव्हतं, तेही पहिल्याच भेटीत समोरच्याच्या तोंडून ऐकावं लागतं. म्हणून कॅप्शनचं काम फोटोची स्तुती करणं नव्हे. फोटो बोलून गेलेल्या गोष्टींना माप लावणं हे तिचं काम आहे.

हे एका खोलीवरच पाहू. हॉल 10 बाय 16 फुटांचा. एका अरुंद बाजूला घराचं मुख्य दार, समोरच्या अरुंद बाजूला बाल्कनीचं सरकतं दार. माणसं चार. बसणं, जेवणं, टीव्ही, मुलांचा अभ्यास, सगळं याच हॉलमध्ये. तक्रार एकच होती, चालायला जागा नाही.

मोजल्यावर तक्रार खरी निघाली. रुंदी 120 इंच. सोफा भिंतीपासून 36 इंच पुढे आलेला, समोरचं टीव्हीचं कपाट 22 इंच. सोफा आणि मधलं टेबल यांच्यात पाय ठेवायला 18 इंच, टेबल 24 इंचांचं. बेरीज 100. दारातून बाल्कनीपर्यंत जायला उरले 20 इंच, म्हणजे एका माणसानं अंग चोरून जायचं आणि समोरून दुसरं कोणी आलं तर सोफ्यावर बसायचं.

उपाय साधा होता. टीव्हीचं कपाट काढून भिंतीवर 12 इंचांचं युनिट टांगलं. सोफा 32 इंचांचा घेतला. मधलं टेबल गेलं, त्याच्या जागी एकात एक जाणारी दोन स्टुलं आली. जेवणाचं टेबल भिंतीला लावलं. ते वर दुमडून भिंतीला चिकटतं आणि खाली घेतलं की 30 इंच रुंद आणि 48 इंच लांब होतं. दाराशी 7 इंचांचं, पुढे कलून उघडणारं चपलांचं कपाट आलं. आता सोफा आणि युनिट यांच्यामध्ये सलग 76 इंच मोकळे आहेत. त्यातली 36 इंचांची वाट सोडली तरी पाय पसरायला आणि स्टुलं ठेवायला 40 उरतात.

आता अशा कामाखाली पहिल्या बैठकीत जी कॅप्शन लिहिली जाते, ती साधारण अशी असते:

«स्वप्नातलं घर आता सत्यात! छोट्याशा हॉलचं आम्ही केलं आलिशान लिव्हिंग-डायनिंगमध्ये रूपांतर. जागा दुप्पट, अडगळ शून्य! कमी बजेटमध्ये तुमच्याही घराचा असाच कायापालट हमखास होईल. मोजक्याच जागा शिल्लक, आजच बुक करा!»

यात व्याकरणाची चूक नाही आणि लिहिणाऱ्याचा फसवायचा हेतूही नाही. पण एकेक शब्द खोलीत नेऊन ठेवला की तो बसत नाही.

«जागा दुप्पट» घ्या. हॉल आजही 160 चौरस फुटांचाच आहे. फर्निचरनं परत दिलेली रुंदी मोजली तर कपाटाचे 10 आणि सोफ्याचे 4, एकूण 14 इंच. बाकीचा फरक मधलं टेबल उचलल्यामुळे पडला, आणि टेबल उचलायला डिझायनर लागत नाही. चालायची वाट मात्र 20 वरून 36 इंच झाली, हे खरं आहे आणि सांगण्यासारखं आहे. चौदा इंच ऐकायला किरकोळ वाटतात. पण ज्याच्या घरात वीस इंचांतून रोज ये-जा आहे, त्याला त्यांचं मोल लगेच कळतं, आणि भेटीसाठी फोन करणारा माणूस बहुधा तोच असतो.

«अडगळ शून्य» तर सरळ उलटं आहे. 22 इंचांच्या जागी 12 इंचांचं कपाट लावलं, तेही जमिनीपासून वर टांगलेलं. म्हणजे सामान ठेवायची जागा निम्म्याहून कमी झाली. त्यातल्या वस्तू कुठेतरी गेल्या असणार: काही माळ्यावर, काही आतल्या खोलीत, काही घराबाहेर. हॉल मोकळा दिसतो तो त्या घरानं काय सोडायचं हे ठरवलं म्हणून. वाचणाऱ्याला हे सांगितलं नाही, तर तो सगळं सामान घेऊन तसाच हॉल मागायला येईल. त्यात त्याची काही चूक नाही.

«आलिशान» आणि «कायापालट» यांच्यावर वेळ घालवायला नको. हे शब्द कुठल्याही खोलीखाली चालतात, म्हणून या खोलीविषयी काहीच सांगत नाहीत.

खरा धोका «असाच» आणि «हमखास» यांत आहे. जास्तीचं वचन मराठीत फार लहान अक्षरांतून आत शिरतं. «तुमच्या घरातही» मधला ‘ही’ एका घराचं उत्तर सगळ्या घरांना लावून टाकतो. «असाच», «परवडेलच», «वेळेतच» यांतला ‘च’ शक्यतेची खात्री करतो. आणि क्रियापद भविष्यकाळात गेलं की वर्णन संपून आश्वासन सुरू होतं. «वाट 36 इंच झाली» हे घडून गेलेलं आहे, कोणीही टेप घेऊन मोजावं. «तुमचं घर मोकळं होईल» हे अजून न पाहिलेल्या घराविषयी आहे. कॅप्शन लिहून झाली की एकदा फक्त हे तीन शोधत वाचावी: ‘च’, ‘ही’ आणि ‘ईल’. सगळेच काढायचे नसतात, पण प्रत्येकाला विचारायचं की तू इथे कोणाच्या भरवशावर आहेस. झालेल्या कामासाठी भूतकाळ पुरतो. भविष्यकाळ राखून ठेवावा तो भेटीत काय होईल हे सांगण्यासाठी, कारण तेवढंच आपल्या हातात असतं.

आता फोटोंकडे. शब्द कितीही मोजून वापरले तरी फोटो फुगलेला असेल तर उपयोग नाही.

हॉलचे फोटो फोनवर काढताना हात आपोआप 0.5 कडे जातो, कारण एकाच चौकटीत समोरच्या तिन्ही भिंती मावतात. पण इतकी रुंद लेन्स जवळच्या गोष्टी ओढून लांब करते आणि दूरच्या आणखी दूर ढकलते. दहा फुटांचा हॉल चौदाचा वाटू लागतो, कडेला आलेला सहा-साडेसहा फुटांचा सोफा नऊ फुटांचा दिसतो. फोटो ताणला गेला आहे हे ओळखायची खूण सोपी आहे: कडेजवळची गोल वस्तू बघा. दिव्याची शेड किंवा स्टुलाचा गोल माथा अंड्यासारखा लंबगोल झाला असेल, तर लेन्स गरजेपेक्षा रुंद आहे. फोनच्या 1x वर येऊन दारात पाठ टेकवून उभं राहावं. तरीही खोली मावली नाही तर ती दोन फोटोंत दाखवावी. कॅमेरा साधारण चार फुटांवर, सरळ समोर रोखलेला. तो वर किंवा खाली झुकला की भिंतींच्या उभ्या रेघा एकमेकींकडे कलतात. अगदीच रुंद लेन्स वापरावी लागली, तर त्या फोटोखाली खोलीचं माप लिहिलेलं असणं जास्तच गरजेचं.

आधीचा फोटो हा दुसरा सापळा. आधीचा रात्री, ट्यूबलाइटच्या उजेडात, कपडे खुर्चीवर पडलेले असताना घेतलेला. नंतरचा सकाळी, पडदे बाजूला सारून, कुंडी आणून ठेवल्यावर. या जोडीत डिझाइनचं काम किती आणि आवरण्याचं किती, हे पाहणाऱ्याला कळत नाही. दोन्ही फोटो एकाच जागेवरून, एकाच उंचीवरून, एकाच लेन्सनं आणि दिवसाच्या साधारण एकाच वेळी घेतलेले असले तरच तुलना खरी. यासाठी काम सुरू व्हायच्या आधी, मोजमापाच्या दिवशीच, दारात उभं राहून एक नीट फोटो काढून ठेवावा लागतो. तो राहून गेला तर नंतर मिळत नाही. मग आधीचा फोटो न टाकणं बरं. «आधी वाट 20 इंच होती» हे एक वाक्य त्याची भरपाई बऱ्यापैकी करतं.

फोटोंचा क्रमही विचार करून ठरवावा. या हॉलसाठी सहा पुरतात. पहिला दारातून दिसणारा अख्खा हॉल. दुसरा त्याच जागेवरून घेतलेला आधीचा. तिसरा टांगलेलं युनिट बाजूनं, म्हणजे ते किती कमी पुढे येतं हे दिसेल. चौथा टेबल दुमडलेलं. पाचवा टेबल उघडलेलं, आणि चारही खुर्च्यांवर माणसं बसलेली नसली तरी खुर्च्या बसण्याइतक्या बाहेर ओढलेल्या. सहावा मापं घातलेला नकाशा. इन्स्टाग्रामवर एका पोस्टमध्ये वीसपर्यंत फोटो जातात, म्हणून वीस टाकायचे असं नाही. उशीचे आणि फुलदाणीचे चार जवळचे फोटो काढून टाकले तर कोणाचं काही अडत नाही. नकाशा काढला तर अडतं. ज्यांना खरंच काम करून घ्यायचं आहे ती माणसं नकाशावरच थांबतात, कारण तिथे ती स्वतःचा हॉल ताडून पाहू शकतात.

पाचव्या फोटोवर थोडं जास्त थांबायला हवं. दुमडणारं टेबल बंद असताना सुंदर दिसतं आणि ते बंद दाखवायचा मोह होतो. पण ते उघडल्यावर काय होतं? हॉलच्या 192 इंच लांबीत दाराशी 36 इंच, सोफ्याला 78. उरलेल्या 78 इंचांत टेबलाची 30 इंच रुंदी गेली की दोन्ही बाजूंना खुर्चीसाठी प्रत्येकी 24 इंच राहतात. बसण्यापुरते ते पुरतात, पण खुर्ची मोकळेपणी मागे सारून उठायला 30 इंच तरी लागतात. म्हणजे सोफ्याकडच्या खुर्चीवर बाजूनं शिरावं लागतं, आणि बाल्कनीकडच्या खुर्च्यांवर कोणी बसलं की दाराची ती बाजू अडते. ही उणीव झाकली तर टेबल जादूचं वाटतं. सांगितली तर ते एक शहाणपणाची तडजोड वाटतं, आणि ते तेवढंच आहे. लोक तडजोडींना घाबरत नाहीत. ताबा घेतल्यानंतर त्या सापडल्या की चिडतात.

आणखी एक गोष्ट फोटोत कधीच दिसत नाही, ती म्हणजे भिंतीच्या आत काय आहे. टांगलेलं युनिट आणि दुमडतं टेबल दोन्ही इथे विटांच्या भिंतीवर आहेत. तीच कल्पना जिप्समच्या पोकळ पार्टिशनवर तशीच चढवता येत नाही. बोर्डाच्या मागे आधी लाकडाचा किंवा प्लायचा आधार बसवावा लागतो, आणि पार्टिशन आधीच बंद झालेलं असेल तर ते उघडावं लागतं. टेबलावर कोपरं टेकून चार माणसं बसतात, त्यांचं वजन बिजागऱ्यांवरून भिंतीत जातं. आधार नसेल तर पहिल्यांदा स्क्रूच्या भोवती केसासारखी रेघ उमटते, मग टेबलाची बाहेरची कड खाली झुकते. «भिंत विटांची होती» हे कॅप्शनमधले तीन शब्द ज्याच्या घरी पार्टिशन आहे त्याला आपोआप थांबवतात आणि विचारायला लावतात. हाच नियम भिंत पाडलेल्या कामाला लावावा. फोटोत दोन खोल्यांची एक झालेली दिसते. ती भिंत भार पेलणारी नव्हती आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरनं तपासल्यावरच काढली, हे लिहिलं नाही तर पाहणारा आपल्या घरातल्या कुठल्याही भिंतीकडे बोट दाखवेल.

सामानाची विशेषणंही अशीच तपासावी लागतात. «वॉटरप्रूफ» लिहायच्या आधी बघावं की प्लाय उकळत्या पाण्याच्या चाचणीत टिकणारा असला तरी त्याच्या उघड्या कडा नीट बंद केल्या आहेत का. पाणी पृष्ठभागातून नाही, बहुधा कडेतून शिरतं. «मेंटेनन्स-फ्री» असं काही नसतं. गडद मॅट लॅमिनेटवर बोटांचे ठसे दिसतात, उभ्या खाचांच्या पॅनेलमध्ये धूळ बसते. मटेरियलचं नाव द्यावं, कुठे वापरलं ते सांगावं आणि थांबावं.

वेळेच्या आकड्यात लोक नकळत खोटं बोलतात. «9 दिवसांत हॉल तयार!» हे या कामाबद्दल म्हणता येईल, कारण साइटवरचं काम खरोखर 9 दिवसांचं होतं. पण त्याआधी मोजमाप आणि ड्रॉइंग यांत तीन आठवडे गेले, रंग आणि लॅमिनेट निवडून नक्की करण्यात दोन, कारखान्यात युनिट आणि टेबल तयार होण्यात तीन. म्हणजे 56 दिवस आणि वर 9, एकूण 65. दोन्ही आकडे खरे आहेत, फक्त मोजणी कुठून सुरू केली ते वेगळं. कॅप्शनमध्ये दोन्ही द्यावेत. घरात धूळ किती दिवस उडेल हा एक प्रश्न, आणि आज ठरवलं तर कधी संपेल हा दुसरा. विचारणाऱ्याला दोन्हींची उत्तरं लागतात.

पैशाचं काय? «कमी बजेटमध्ये» म्हणजे कोणाच्या कमी? आकडा जाहीर करायला घरमालक तयार नसतात आणि ते त्यांच्या हक्काचं आहे. शिवाय तोच आकडा दुसऱ्या घराला लागू पडत नाही. पण आकडा नाही म्हणून गूढही ठेवू नये. त्याऐवजी कामाचा आवाका लिहावा: सुतारकाम, भिंतीचा रंग, टीव्हीच्या मागची आणि दिव्यांची वायरिंग एवढं कामात होतं, फरशी, खिडक्या आणि छत आहे तसंच ठेवलं. एवढ्यावरून जाणता माणूस अंदाज बांधतो, आणि अजाण माणसालाही कळतं की हा अख्ख्या घराचा खर्च नाही.

परवानगीबद्दल थोडक्यात. फोटो वापरायची घरमालकाची परवानगी लेखी घ्यावी, आणि त्यात कुठे वापरणार तेही असावं. फोटो टाकण्याआधी मोठे करून पाहावेत. दारावरची पाटी, भिंतीवरचे कुटुंबाचे फोटो, मुलाच्या वहीवरचं शाळेचं नाव, खिडकीतून दिसणारी ओळखू येईल अशी इमारत, आरशात उमटलेला कोणाचा चेहरा. हे डोळ्यांना सवयीनं दिसत नाही, अनोळखी माणसाला मात्र पहिलं तेच दिसतं. फोटोग्राफर वेगळा असेल तर त्याचं नाव आणि त्याची संमती. घरमालकाचं मत छापायचं असेल तर त्याचेच शब्द, त्याला दाखवून. आणि संगणकावर केलेलं चित्र फोटोंमध्ये मिसळलं असेल, तर त्यावर तसं लिहिलेलं हवं, नाहीतर जे झालंच नाही ते झालेलं म्हणून विकलं जातं.

आता लिहायला बसू. पहिल्या दोन ओळींवर सगळ्यात जास्त वेळ द्यावा, कारण बाकी मजकूर «अधिक»च्या मागे जातो आणि बरेच लोक तिथपर्यंत बोट नेत नाहीत. त्या ओळींत खोलीचं माप आणि बदललेली एक गोष्ट आली पाहिजे. नमस्कार, आनंदानं कळवतो, अखेर तो दिवस उजाडला, हे सगळं त्या दोन ओळी खाऊन टाकतं. एकूण मर्यादा 2,200 चिन्हांची आहे, आणि देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजली जाते. ‘खिडकी’ दिसते तीन अक्षरांची, मोजणीत भरते पाच. म्हणून मजकूर वाटतो त्याहून लवकर संपतो. तरी आपल्याला एवढं लागत नाही.

तर हे असं होतं:

«10 बाय 16 फुटांचा हॉल. एकही भिंत न हलवता चालायची वाट 20 इंचांवरून 36 इंच केली.

घरात चौघं आहेत. सोफा, मधलं टेबल आणि टीव्हीचं कपाट यांच्यातून बाल्कनीत जाताना अंग चोरावं लागायचं (फोटो 2). 22 इंच पुढे येणारं कपाट काढून भिंतीवर 12 इंचांचं युनिट टांगलं, सोफा 4 इंचांनी आखूड बैठकीचा घेतला आणि मधल्या टेबलाऐवजी दोन स्टुलं ठेवली. जेवणाचं टेबल वर दुमडून भिंतीला लागतं (फोटो 4 आणि 5).

काय सोडावं लागलं: सामानाची जागा निम्म्याहून कमी झाली, त्यामुळे काही वस्तू घरच्यांनी आधीच हलवल्या. टेबल उघडं असताना सोफ्याकडच्या खुर्चीवर बाजूनं बसावं लागतं आणि बाल्कनीचं अर्धं दार अडतं. दाराजवळच्या 7 इंचांच्या कपाटात उंच बूट मावत नाहीत.

टेबल आणि युनिट विटांच्या भिंतीवर आहेत. पोकळ पार्टिशन असेल तर आधी आतून आधार द्यावा लागतो.

कामात सुतारकाम, रंग आणि वायरिंग होतं. फरशी, खिडक्या, छत पूर्वीचंच. मोजमापापासून ताब्यापर्यंत 65 दिवस, त्यातले घरात काम चाललं ते 9.

फोटो काम संपल्यावर आठव्या दिवशी, घरच्यांच्या परवानगीनं काढलेत. कुंड्या फोटोपुरत्या आणल्या होत्या. मापांसकट नकाशा फोटो 6 मध्ये.

तुमच्या हॉलबद्दल बोलायचं असेल तर एका तासाची सल्ला-भेट ठरवता येईल. येताना खोलीची लांबी, रुंदी आणि दारं-खिडक्यांची मापं, चारही कोपऱ्यांतून घेतलेले फोटो आणि जे फर्निचर ठेवायचंच आहे त्याची यादी आणा. भेटीनंतर काय शक्य दिसतं, काय दिसत नाही आणि आधी काय तपासायला हवं, हे एका पानावर लिहून देऊ. ड्रॉइंग आणि खर्चाचं पत्रक या भेटीत नसतं. भेटीची फी आणि मोकळ्या वेळा प्रोफाइलमधल्या लिंकवर आहेत.»

यात ‘ठेवायचंच’ मधला ‘च’ राहिला आहे, कारण तो वाचणाऱ्याच्या भरवशावर आहे, आपल्या नाही. ‘येईल’ आलं ते भेटीसाठी. लिंक प्रोफाइलमध्ये ठेवायचं कारण व्यवहाराचं आहे: इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमध्ये चिकटवलेल्या पत्त्यावर बोट ठेवून काही उघडत नाही.

भेटीचा परिच्छेद बहुतेक ठिकाणी एका ओळीत उरकला जातो, आणि नंतरचा सगळा मनस्ताप तिथूनच निघतो. «कन्सल्टेशनसाठी संपर्क करा» यात समोरच्याला वाटतं, एका तासात डिझाइन मिळेल. डिझायनरला वाटतं, एका तासात ओळख होईल. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात आणि तासाच्या शेवटी दोघंही नाराज. म्हणून भेट किती वेळाची, येताना काय आणायचं, हातात काय मिळेल आणि काय मिळणार नाही, या चार गोष्टी लिहाव्यातच. मापं आणायला सांगण्याचा आणखी एक फायदा असतो. जो टेप काढून खोली मोजतो, त्याला मोजतानाच कळतं की आपली भिंत 10 नाही, साडेनऊ फुटांची आहे, आणि तो बरोबर प्रश्न घेऊन येतो. फी असेल तर ती आहे हे आधी सांगावं. पुढे काम दिलं तर ती रकमेतून वजा होते की नाही, हेही लिंकवर स्पष्ट असावं. «मोफत सल्ला» लिहून भेटीत फक्त कंपनीची माहिती सांगणं हा वेगळा धंदा झाला.

पोस्ट टाकल्यावर पहिला प्रश्न ठरलेला: «किती खर्च आला?» त्याला «मेसेज करा» एवढंच उत्तर देऊ नये. पुढचे दहा लोकही तेच विचारतात, आणि लपवण्यासारखं काही आहे असं वाटतं. उत्तर तिथेच सगळ्यांना दिसेल असं द्यावं: आकडा घरच्यांचा आहे म्हणून देत नाही, खर्च मुख्यतः टांगलेल्या युनिटची लांबी, त्याच्या आतले ड्रॉवर आणि टेबलाच्या बिजागऱ्या यांवर ठरला, तुमच्या भिंतीची लांबी सांगितलीत तर कशानं वाढेल आणि कशानं कमी होईल ते सांगू शकतो. दुसरा प्रश्न असतो: «आमचा हॉल 9 बाय 12 आहे, होईल का?» इथे बोटं पटकन «नक्की!» टाइप करतात. थांबावं. 9 फूट म्हणजे 108 इंच. त्यातून 32 आणि 12 गेले की 64 उरतात. 36 ची वाट सोडली की पायांसाठी 28, म्हणजे स्टुलं नकोत. आणि 144 इंच लांबीत दाराचे 36 आणि सोफ्याचे 78 गेले की टेबलासाठी 30 उरतात, खुर्च्यांसाठी काहीच नाही. तर उत्तर असं: वाट निघते, चौघांचं टेबल याच रचनेत बसत नाही, छोटा सोफा चालत असेल तर पुन्हा बघता येईल. असं उत्तर वाचून तो माणूस बहुधा भेट ठरवतो. नाही ठरवली तरी उरलेले वाचणारे पाहत असतातच.

राहिली ती मोजक्या जागांची ओळ. महिन्यात सहा भेटी घेता येत असतील आणि दोनच उरल्या असतील तर तसं लिहायला हरकत नाही, ती माहिती आहे. पण पोस्ट तिथेच राहते, वर्षभरानंतरही कोणीतरी ती उघडतं आणि तेव्हाही दोनच उरलेल्या असतात. म्हणून उरलेल्या भेटींचा आकडा कॅप्शनमध्ये न घालता तारखेसह वेळापत्रकात ठेवावा, आणि कॅप्शनमध्ये घातलाच असेल तर शेवटची वेळ भरली त्या दिवशी पोस्ट उघडून ती ओळ बदलावी.